ठरलेल्या कामाबाहेरची कामं वाढतच चालली आहेत: इंटिरियरच्या कंत्राटात काय करायचं

लक्षण नेहमी सारखंच असतं. टू-बीएचकेचं काम साठ दिवसांत द्यायचं ठरलेलं असतं. तिसऱ्या आठवड्यापासून व्हॉट्सअॅपवर "एक छोटंसं राहिलं" असे मेसेज येऊ लागतात. कधी साइटवर आलेल्या काकू थेट मिस्त्रीला सांगतात, "इथं एक ड्रॉवर करून टाका हो." कोणी नाही म्हणत नाही, कारण त्या त्या वेळी मागणी खरंच छोटी असते. पंचेचाळिसाव्या दिवशी रंगारी रिकामा बसलेला असतो, प्लायचा हिशेब जुळत नाही आणि शेवटचा हप्ता मागायला गेल्यावर ऐकायला मिळतं, "पण हे सगळं त्यातच होतं ना?"

हा लेख छोट्या इंटिरियर कंत्राटदारांसाठी आहे, म्हणजे जे स्वतः कोटेशन देतात, स्वतः साइट बघतात आणि घरमालकाशी थेट व्यवहार करतात त्यांच्यासाठी. मध्ये आर्किटेक्ट असेल तर वाढीव कामाला त्याची लेखी मंजुरी घ्यायची, एवढाच फरक. बाकी रीत तीच.

आधी हे बघा: काम खरंच वाढलंय का?

बहुतेक जण इथेच चुकतात. ग्राहकाने काही मागितलं आणि आपल्या डोक्यातल्या हिशेबात ते नव्हतं, की आपण त्याला एक्स्ट्रा म्हणून मोकळे होतो. पण ग्राहकाला आपलं डोकं दिसत नाही. त्याच्या हातात दोनच गोष्टी असतात, कोटेशन आणि ड्रॉइंग. त्या दोन्ही शेजारी ठेवून प्रत्येक मागणी तपासायची. तपासल्यावर ती तीनपैकी एका खान्यात पडते. ती दोन्हीकडे नसेल तर काम वाढलेलं आहे. एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, किंवा शब्द असा आहे की दोन अर्थ निघतात, तर चूक आपल्या कागदाची आहे. आणि कधी कधी भिंत फोडल्यावर आत गंजलेली पाइपलाइन सापडते. ती दोघांपैकी कोणालाच आधी दिसत नव्हती.

एक हिशेब पूर्ण करून बघू. भाव हिशेबापुरते धरले आहेत, तुमच्या वस्तीतले तुम्हाला माहीत असतील.

मुलुंड पूर्वेला टू-बीएचके. कोटेशन ₹८,४०,०००, जीएसटी वेगळा. त्यात स्वयंपाकघर, दोन वॉर्डरोब, टीव्ही युनिट, हॉलचं फॉल्स सीलिंग, बत्तीस इलेक्ट्रिकल पॉइंट आणि "संपूर्ण घराचे रंगकाम". पंचेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा गोष्टी वाढल्या. मधल्या खोलीत एसीचा पॉइंट ₹८,९००. दोन्ही वॉर्डरोबवर लॉफ्ट, प्रत्येकी सात बाय दोन फूट, म्हणजे अठ्ठावीस चौरस फूट, ₹९०० दराने ₹२५,२००. पॅसेजमध्ये चपलांचं कपाट, चार बाय साडेतीन म्हणजे चौदा चौरस फूट, ₹१,३०० दराने ₹१८,२००. देवघराखाली एक ड्रॉवर ₹३,५००. साध्या हँडलऐवजी प्रोफाइल हँडल, बावीस नगांवर प्रत्येकी ₹४५० फरक, म्हणजे ₹९,९००. बाल्कनीच्या ग्रिलला रंग ₹४,५००.

बेरीज ₹७०,२००. मूळ रकमेच्या मानाने साडेआठ टक्क्यांहूनही कमी, म्हणून सुरुवातीला फार वाटत नाही. पण मूळ कामात पंधरा टक्के नफा धरला असेल तर तो ₹१,२६,००० होतो. या सहा कामांचा नुसता खर्च छप्पन्न हजारांच्या आसपास धरला, तरी ती फुकट गेली की नफ्यातला जवळजवळ निम्मा भाग गेला. शिवाय मिस्त्री आणि रंगाऱ्याचे वाया गेलेले दिवस.

आता हेच सहा आयटम कागदाशी ताडून बघा. कोटेशनमध्ये "वॉर्डरोब २ नग" एवढंच आहे, माप नाही. ग्राहकाला पाठवलेल्या थ्रीडी चित्रात मात्र वॉर्डरोब छतापर्यंत दाखवलाय, वर लॉफ्टची दारंही दिसतात. मग लॉफ्ट वाढीव नाही. चित्र दाखवून काम घेतलं असेल तर चित्रातलं काम त्याच पैशांत द्यायचं. ₹२५,२०० कितीही टोचले तरी ते आपल्या कागदाचे आहेत. ग्रिलचंही तसंच. "संपूर्ण घराचे" लिहिल्यावर ग्रिल घराबाहेरचं आहे असं कोणत्या तोंडाने म्हणणार? कोटेशनमध्ये "संपूर्ण", "सर्व", "आवश्यक ते" आणि "इत्यादी" हे चार शब्द फार महाग पडतात. त्यांच्या जागी भिंती, छत, दारांच्या चौकटी अशी नावं लिहा आणि खाली एक ओळ जोडा: "यात ग्रिल, खिडक्यांचे अॅल्युमिनियम व बाहेरची भिंत नाही." काय नाही ते लिहिणं, काय आहे ते लिहिण्याइतकंच गरजेचं आहे.

हँडलचा मामला मधला आहे. कोटेशनमध्ये "हँडलसह" आहे, प्रकार नाही, नमुनाही दाखवलेला नाही. इथे हँडल बसवण्याआधी दोन नमुने समोर ठेवायचे. हे ठरलेल्या पैशांत, हे घ्यायचं तर ₹९,९०० वर. निवड त्यांची. मात्र "ठरलेल्या पैशांतलं" म्हणून दाखवायचा नमुना नीट, टिकाऊ असायला हवा. मुद्दाम भिकार नमुना आणला की ग्राहकाला ते कळतं, आणि पुढच्या प्रत्येक आकड्यावरचा विश्वास जातो.

ड्रॉवर खरंच वाढीव आहे, पण ₹३,५०० साठी भांडायचं की सोडायचं हा धंद्याचा निर्णय. सोडायचा असेल तर सोडा, पण न बोलता सोडू नका. वाढीव कामांच्या यादीत तो लिहायचा, समोर ₹३,५०० लिहायचे आणि त्यापुढे "माफ". न सांगता केलेलं फुकट काम ग्राहकाच्या लेखी कधी झालेलंच नसतं, आणि पुढचा ड्रॉवरही फुकटच अशी त्याची प्रामाणिक समजूत होते.

उरतात एसी पॉइंट, चपलांचं कपाट आणि हँडलचा फरक: ₹८,९००, ₹१८,२०० आणि ₹९,९००. म्हणजे ₹३७,०००. मागायचे ते हे. सत्तर हजारांचं बिल घेऊन गेलात तर लॉफ्टवरून वाद पेटतो, आणि त्या वादात रास्त सदतीस हजारही बुडतात.

मागणी आली त्याच दिवशी काय पाठवायचं

वाढीव कामाचा दर काम होण्याआधी सांगितला तर ती किंमत असते. झाल्यावर सांगितला तर ग्राहकाला ती फसवणूक वाटते. म्हणून मागणी आल्याच्या दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर गेलंच पाहिजे. तोंडी बोलणं झालं असलं तरी मेसेज पाठवायचाच. एसी पॉइंटसाठी मेसेज असा:

> नमस्कार काका. आज काकूंनी मधल्या खोलीत एसीचा पॉइंट सांगितला. कोटेशनमधल्या ३२ पॉइंटमध्ये हा नाही.
> खर्च: ₹८,९०० + जीएसटी. यात डीबीपासून वेगळी वायर, एमसीबी, सॉकेट, भिंत कापणे आणि पुन्हा पुट्टी आली. एसी, तांब्याचा पाइप आणि ड्रेन यात नाही.
> वेळ: भिंत वाळण्यासह ५ दिवस. चावी ३० तारखेऐवजी ५ तारखेला.
> उद्या संध्याकाळी ६ पर्यंत "हो" कळवा, म्हणजे परवा वायरमन येईल. तोपर्यंत त्या भिंतीचा रंग थांबवला आहे, बाकी काम चालू आहे. नको असेल तर ठरल्याप्रमाणे पुढे जातो.

यातली एकही ओळ वगळण्यासारखी नाही. काम कोणी आणि कधी सांगितलं ते लिहिल्याने घरातल्या घरात गोंधळ होत नाही. काकूंनी सांगितलेलं काकांना माहीत नसतं, आणि पैसे काका देतात, हे अगदी नेहमीचं. "यात काय नाही" ही ओळ नसेल तर पुढच्या आठवड्यात तांब्याच्या पाइपवरून हाच प्रसंग पुन्हा उभा राहतो. तारखेची ओळ बरेच जण गाळतात, आणि ती सगळ्यात महाग पडते. करारात उशिराबद्दल दंड असेल तर वाढीव कामाने खाल्लेले दिवसही तुमच्याच नावावर लागतात. वाढवलेली तारीख कुठेच लिहिलेली नसते ना!

आणि "हो" येईपर्यंत काम सुरू करायचं नाही. दोन निळ्या टिका म्हणजे होकार नाही. अंगठ्याची खूण चालते, पण ती त्याच मेसेजला उत्तर म्हणून आलेली हवी. "बघू", "करा काय ते", "नंतर बोलू" असं उत्तर आलं तर एकदा फोन करायचा आणि फोननंतर लिहायचं: "आत्ता फोनवर बोलल्याप्रमाणे ₹८,९०० मंजूर, बरोबर ना?"

"एवढ्याशा पॉइंटला नऊ हजार?"

हा प्रश्न येणारच, आणि त्याचं उत्तर द्यायला हवं. एका बोर्डाला नऊ हजार का, हे बाहेरच्या माणसाला खरंच कळण्यासारखं नसतं.

एसीला जवळच्या प्लगमधून वायर ओढून चालत नाही. डीबीपासून त्याची वेगळी लाइन येते. आपल्या उदाहरणात अंतर चौदा मीटर. फेज आणि न्यूट्रलला ४ स्क्वेअर एमएम तार, अर्थिंगची तार वेगळी, डीबीत २० अँपिअरचा एमसीबी, भिंतीत बॉक्स आणि सॉकेट. मजुरीसह हे सगळं ₹४,४०० च्या आसपास. पहिल्या आठवड्यात, भिंती कापायचं काम चालू असतानाच सांगितलं असतं तर एवढ्यातच भागलं असतं.

पण मागणी आली एकतिसाव्या दिवशी, पुट्टी झाल्यावर. आता तयार भिंतीत खाच पाडायची. ती बुजवायला गवंड्याचा एक दिवस ₹१,२००, पुन्हा पुट्टीचे दोन हात आणि घासायला रंगाऱ्याचा दीड दिवस ₹१,५००, सामान ₹६००, झाकपाक आणि साफसफाई ₹५००, राबिट खाली उतरवून न्यायला ₹७००. हे ₹४,५०० नुसत्या उशिराचे. दोन्ही मिळून ₹८,९००. कामाचे दिवस अडीच-तीनच, पण ओल्या पॅचवर पुट्टी मारली तर ती फुगते आणि महिन्याभरात पापुद्रा सुटतो, म्हणून वाळायचे दिवस सोडावेच लागतात. पावसाळ्यात ते आणखी वाढतात.

ग्राहकाला हे असं दोन भागांत सांगितलं की पटतं: "काका, पॉइंटचे चार हजार चारशे, आणि झालेली भिंत पुन्हा करायचे साडेचार हजार. आधी कळलं असतं तर दुसरा भाग लागलाच नसता." यात दोषारोप नाही, आणि पुढची मागणी लवकर सांगण्याचं कारण त्यांना आपोआप मिळतं. याच धाग्याने कामाच्या सुरुवातीलाच एक कागद द्यावा: भिंती कापण्याआधी सगळे पॉइंट नक्की, प्लाय कापण्याआधी सगळी मापं नक्की, पुट्टीच्या आधी भिंतीतलं सगळं नक्की. या तीन तारखा घरच्या कॅलेंडरवर लिहून घ्यायला सांगा. त्या उलटल्यावर तीच गोष्ट महाग का होते, हे मग वेगळं समजवावं लागत नाही.

पैसे वाढवायचेच नाहीत असं ग्राहक म्हणाला, तर अदलाबदल सुचवा. चपलांचं कपाट हवं असेल तर टीव्ही युनिटचं बाजूचं शोकेस, जेवढे चौरस फूट तेवढं, वगळता येईल. प्लाय कापून झालेला नसेल तेव्हाच हा मार्ग चालतो. कापलेला ८ बाय ४ चा शीट दुसऱ्या मापाला क्वचितच बसतो. दर कमी करून द्यायचं मात्र टाळा. वाढीव कामाचा दर मूळ दरापेक्षा उतरला की मूळ दरातही पाणी होतं असा अर्थ निघतो. चपलांच्या कपाटाचा दर वॉर्डरोबच्या कोटेशनमधल्या दराशी जुळताच ठेवा, वरही नको, खालीही नको.

मिस्त्रीला थेट सांगितलेलं काम

निम्मी वाढीव कामं तुमच्यापर्यंत पोचतच नाहीत. तुम्ही दुसऱ्या साइटवर असता. काकू मिस्त्रीला चहा देतात, मिस्त्री ड्रॉवर करतो. तो चौरस फुटाच्या दराने काम करत असेल तर आठवड्याच्या हिशेबात तुमच्याकडून ड्रॉवरचे पैसे घेतो. रोजावर असेल तर अर्धा दिवस तुमचाच गेलेला असतो. म्हणजे ग्राहकाला फुकट पडलेलं काम तुम्ही विकत घेतलेलं असतं.

मिस्त्रीवर रागावून उपयोग नाही, घरमालकाला नाही म्हणणं हे त्याचं काम नव्हे. त्याला सोपी वाट द्या. मुख्य दाराच्या आतल्या बाजूला ड्रॉइंग आणि कामांची यादी चिकटवायची. यादीत नसलेलं काही सांगितलं तर मिस्त्रीने जागेचा फोटो काढून तुम्हाला पाठवायचा आणि "शेठला फोटो पाठवलाय, ते सांगतात" एवढंच म्हणायचं. यादीबाहेरच्या कामाची मजुरी तुमच्या होकाराशिवाय मिळणार नाही, हेही त्याला पहिल्याच दिवशी सांगा. घरमालकालाही तितक्याच मोकळेपणाने सांगावं, की सूचना एकाच व्यक्तीकडून, एकाच ग्रुपवर येऊ देत. ती व्यक्ती काका, काकू की सून हे त्यांनी ठरवायचं, पण नाव करारात लिहायचं.

ग्राहकाने मिस्त्रीला परस्पर पैसे देऊन काही करून घेतलं तर तेही ग्रुपवर नोंदवा. त्या कामाचं माप आणि टिकाऊपणा तुमच्या जबाबदारीत येत नाही, हे तेव्हाच लिहिलेलं बरं.

काम होऊन गेलंय आणि काहीच लिहिलेलं नाही

आता काय? आधी बिल पाठवू नका. साइटवर भेट ठरवा, टेप घेऊन जा आणि दोघांनी मिळून वाढीव कामांचं माप घ्या. कागदावर आयटम, माप आणि कधी झालं एवढंच लिहून दोघांच्या सह्या घ्या, दर त्या दिवशी लिहू नका. काम झालंय हे मान्य होणं आणि किती पैसे हे ठरणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. त्या एकत्र केल्या की ग्राहक पैशाच्या भीतीने कामच नाकारतो. दुसऱ्या भेटीत मूळ कोटेशनच्या दराने हिशेब, आपल्या कागदाच्या चुकीचे आयटम स्वतःहून वजा करून.

कायद्याचा आधार आहे, पण तो शेवटचा. भारतीय करार कायदा १८७२ चं कलम ७० असं म्हणतं, की कोणी दुसऱ्यासाठी कायदेशीरपणे काम केलं, ते फुकट करायचा हेतू नव्हता आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर लाभ घेणाऱ्याने मोबदला द्यायला हवा. पश्चिम बंगाल सरकार विरुद्ध बी. के. मंडल अँड सन्स हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९६२ च्या लॉ रिपोर्टमध्ये आहे. त्यातली कथा ओळखीची वाटेल. गोदामं बांधायला घेतलेल्या कंत्राटदाराला अधिकाऱ्यांनी कच्चा रस्ता, पहारेकऱ्याची खोली, स्वयंपाकघर अशी कामं सांगितली. रीतसर करार झाला नव्हता, पण कामं झाली आणि सरकारने ती वापरली. न्यायालयाने कलम ७० खाली मोबदला मान्य केला.

पण याच्या मर्यादा ओळखा. लाभ घेतला म्हणजे ग्राहकाला नाकारायची संधी असूनही त्याने स्वीकारलं, असं दिसायला हवं. तो गावाला गेला असताना तुम्ही स्वतःच्या डोक्याने भिंतीला पॅनल लावलंत तर हे कलम कामी येत नाही. आणि "वाढीव काम लेखी मंजुरीशिवाय देय नाही" असं तुमच्याच करारात असेल, तर त्या कलमाला वळसा घालून कलम ७० वर जाणं फार कठीण. केलेल्या कामाच्या पैशांसाठी दाव्याची मुदत साधारणपणे काम झाल्यापासून तीन वर्षं.

व्हॉट्सअॅपवरचा होकार पुरावा म्हणून चालतो. इलेक्ट्रॉनिक मार्गाने झालेला करार केवळ त्या कारणाने अवैध ठरत नाही, हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०अ मध्ये आहे. मात्र न्यायालयात चॅटची प्रिंट देताना भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्यामुळे नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका. चॅट एक्सपोर्ट करून ठेवा, आणि फोन बदलला तरी जुना फोन हिशेब मिटेपर्यंत विकू नका.

तरीही थांबत नसेल

काही ग्राहक दर मेसेजला "हो" म्हणतात आणि हप्त्याच्या वेळी "एकदम शेवटी बघू" म्हणतात. इथे उपाय लेखी मंजुरीचा नाही, हप्त्यांचा आहे. वाढीव कामाचे निम्मे पैसे काम सुरू होण्याआधी आणि उरलेले पुढच्या नेहमीच्या हप्त्याबरोबर, हे पहिल्याच एक्स्ट्राला लावून धरा. दुसऱ्याला लावायला गेलात तर तो अविश्वास वाटतो.

मंजूर वाढीव कामांची बेरीज मूळ रकमेच्या दहा टक्क्यांवर गेली, आपल्या उदाहरणात ₹८४,०००, की थांबून सगळं एका नव्या कागदावर घ्या: मूळ काम, वाढलेलं काम, वगळलेलं काम, नवी रक्कम, नवी तारीख, दोघांच्या सह्या. दहा टक्के हा काही नियम नाही, पण त्यापुढे मेसेज शोधून हिशेब लावणं दोघांनाही जमत नाही.

काम बंद करायची धमकी देऊ नका. मूळ कामाचे हप्ते वेळेवर येत असतील तर वाढीव कामाच्या वादासाठी मूळ काम थांबवणं हा तुमच्याकडून करारभंग होतो. थांबवायचं ते फक्त वाढीव काम: "चपलांच्या कपाटाचा आगाऊ हप्ता आला नसल्याने ते सुरू केलेलं नाही, बाकी काम ठरल्या तारखेला पूर्ण होईल." चावी अडवून धरणं तर मुळीच नको. घर त्यांचं आहे, आणि अशा प्रकरणात पोलीस स्टेशनची पायरी चढावी लागते ती कंत्राटदारालाच.

सोसायटीची परवानगीही लक्षात असू द्या. मुंबईत बहुतेक सोसायट्या दुरुस्तीच्या कामाला ठरावीक तारखांपर्यंतच मंजुरी देतात, दुपारी ठोकाठोकी बंद आणि रविवारी काम बंद. वाढीव कामाने मुदत ओलांडली तर परवानगी वाढवण्याचा अर्ज फ्लॅटमालकाने करायचा असतो. म्हणून वाढीव तारखेच्या मेसेजमध्ये "सोसायटीची परवानगी ५ तारखेपर्यंत वाढवून घ्यावी" ही ओळ घाला. अनामत रक्कम कापली गेली तर ती कोणाच्या खात्यावर, हा वाद तिथेच मिटतो.

हिशेब मिटवायची वेळ रंगाच्या शेवटच्या हाताच्या आधीची. तेव्हा घर जवळजवळ तयार दिसतं, ग्राहक खुश असतो आणि करून दाखवण्यासारखं काही काम तुमच्याकडेही शिल्लक असतं. त्या दिवशी सहाही आयटमची यादी, लॉफ्ट आणि ग्रिलसमोर "कोटेशनमध्येच", ड्रॉवरसमोर "माफ" आणि उरलेल्या तिघांसमोर रक्कम, अशी एका पानावर त्यांच्या हातात द्या. सदतीस हजारांतले आलेले पैसे वजा करून बाकी किती ते खाली लिहा आणि सही घ्या, मग रंगाऱ्याला शेवटचा हात मारायला बोलवा.